उसनं हसू: निराशा लपवणारा चेहरा ॲनिमेट कसा करायचा

असा शॉट मला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी तो दोन दिवसांत उरकला. बघणाऱ्यांनी विचारलं, "हिला वाईट वाटलंय की हिला ऐकूच आलं नाही?" मी भुवया आणखी वर उचलल्या. दुसऱ्या फेरीत ऐकावं लागलं, "आता ही रडणार बहुतेक." तिसऱ्या फेरीत मी हसू वाढवलं, तर चेहरा पोटात दुखत असल्यासारखा दिसायला लागला.

चूक कुठे होती ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मी आनंद आणि दुःख निम्मं-निम्मं मिसळून एकच पोज बनवत होतो. निराशा लपवणारा माणूस मिश्रण दाखवत नाही. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक दोन गोष्टी घडतात: आधी हिरमोड येतो, मग त्यावर झाकण पडतं. झाकण पडायला जो वेळ लागतो त्यातच सगळा अभिनय असतो, आणि तो वेळ बहुतेक वेळा एका सेकंदाहून कमी असतो. ही कसरत तुमची वाचावी म्हणून एकच शॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगतो.

शॉट असा. दोन मैत्रिणींनी एकाच जागेसाठी अर्ज केलाय. एक धावत येते आणि सांगते, "निवड माझी झाली!" कॅमेरा दुसरीवर आहे, छातीपासून वर. तिला म्हणायचंय, "अरे वा! अभिनंदन!" मग मैत्रीण फोन वाजला म्हणून वळते. 24 फ्रेम प्रति सेकंद, एकूण 132 फ्रेम, म्हणजे साडेपाच सेकंद. यापुढे "ती" म्हटलं की ही दुसरी मैत्रीण.

1. सुरुवातीला काय लागेल

सॉफ्टवेअर ब्लेंडर असो, माया असो किंवा कागद-पेन्सिल, फरक पडत नाही. फरक पडतो तो रिगमुळे, म्हणजे पात्राचा चेहरा हलवणाऱ्या कंट्रोलच्या सांगाड्यामुळे. काम हाती घेण्याआधी रिगमध्ये हे आहे का बघा:

- भुवईचं आतलं टोक, मधला भाग आणि बाहेरचं टोक यांचे वेगळे कंट्रोल, डावी-उजवी स्वतंत्र
- वरची आणि खालची पापणी वेगळी हलवता येणं
- डोळ्यांचं लक्ष्य, म्हणजे डोळे ज्याच्याकडे बघतात तो पुढे-मागे सरकवता येणारा कंट्रोल
- ओठांचे कोपरे आणि गाल वेगवेगळे
- छाती किंवा खांद्यांचा कंट्रोल, श्वासासाठी

खालची पापणी हलत नसेल तर हा शॉट त्या रिगवर करू नका. खरं हसू आणि उसनं हसू यांतला फरक तिथेच दिसतो. भुवईला "वर" आणि "खाली" एवढे दोनच कंट्रोल असतील तरीही तीच गत.

याशिवाय फोनचा कॅमेरा हवा, आणि संवादाची ध्वनिफीत हवी. मैत्रिणीचा आवाज नसेल तर स्वतः बोलून रेकॉर्ड करा. तिचं वाक्य कानावर पडल्याशिवाय प्रतिक्रियेची वेळ ठरवता येत नाही.

2. बातमी कोणत्या शब्दाला कळते ते शोधा

नवखे लोक प्रतिक्रिया वाक्य संपल्यावर सुरू करतात. माणूस मात्र वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. "निवड माझी झाली" यात "निवड" ऐकताना ती अजून आशेवर आहे. "माझी" या शब्दाला खेळ संपतो. "झाली" हा शब्द तिच्या कानावर पडतो तेव्हा ती आतून कोसळलेली असते.

ध्वनिफितीत तो शब्द जिथे पूर्ण होतो तिथे टाइमलाइनवर खूण करा. आपल्या शॉटमध्ये ती 24 वी फ्रेम. पुढचं सगळं मोजमाप या खुणेपासून होईल. वाक्य "माझी निवड झाली" असं असतं तर खूण आणखी आधी आली असती आणि प्रतिक्रियेचा काही भाग मैत्रीण बोलत असतानाच घडला असता. म्हणून लेखकाने वाक्य बदललं की वेळापत्रक नव्याने मांडावं लागतं. जुन्या की, म्हणजे टाइमलाइनवर नोंदवलेल्या पोज, नुसत्या सरकवून काम भागत नाही.

3. स्वतःला शूट करा, पण दुःखाचा अभिनय करू नका

कॅमेऱ्यासमोर बसा, ध्वनिफीत लावा आणि मनाशी ठरवा की समोरच्याला काहीही कळू द्यायचं नाही. "मला वाईट वाटतंय" हे दाखवायला गेलात की तुम्ही तोंड पाडता, आणि ते फुटेज निरुपयोगी ठरतं. लपवायचा प्रामाणिक प्रयत्न करा, जे निसटतं ते कॅमेरा टिपेल.

आरसा इथे चालत नाही. आरशात बघताना तुमची नजर स्वतःवर असते, आणि आपल्याला तर नजर कुठे जाते तेच टिपायचंय. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला ठेवा, आणि त्याच्या शेजारी मैत्रिणीचा चेहरा म्हणून एखादी चिकटचिठ्ठी लावा. दहा-बारा टेक घ्या. पहिले तीन-चार बहुधा टाकाऊ असतात.

मग एकच टेक निवडून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा आणि कागदावर तीनच गोष्टी लिहा: नजर केव्हा हलली, भुवई केव्हा हलली, ओठ केव्हा हलले. हा क्रम तुम्हाला रिगपेक्षा जास्त कामाला येईल.

4. आधी खराखुरा हिरमोड ॲनिमेट करा, झाकण नंतर

मला सर्वांत जास्त फायदा या पायरीने झाला, आणि घाईत हीच वगळली जाते.

पहिल्या फेरीत ती काहीच लपवत नाही असं समजून शॉट करा. बातमी कळली, नजर खाली गेली, भुवयांची आतली टोकं वर आली, ओठांचे कोपरे खाली आले, खांदे सैल पडले. ही फेरी वेगळ्या ॲनिमेशन लेयरवर ठेवा. रांगडी असली तरी चालेल, मात्र भावना स्वच्छ वाचता आली पाहिजे.

आता ही खरी प्रतिक्रिया कमी करत आणायची आहे, पण सगळीकडे सारखी नाही. तोंडावर माणसाचा ताबा सर्वांत जास्त असतो, म्हणून ओठांचे पडलेले कोपरे जवळपास पूर्ण काढून टाका. भुवईवर ताबा कमी असतो, म्हणून तिथे पाव भाग शिल्लक ठेवा. नजर जवळजवळ आहे तशीच राहू द्या, फक्त तिचा वेळ कमी करा.

भुवईवर ताबा कमी का, याचं उत्तर बरंच जुनं आहे. चार्ल्स डार्विनने 1872 च्या पुस्तकात नोंदवलंय की भुवयांची आतली टोकं तिरपी वर नेणारे स्नायू ठरवून हलवणं बहुतेकांना जमत नाही, पण दुःखात ते आपोआप हलतात. जे ठरवून करता येत नाही ते ठरवून थांबवणंही अवघड. म्हणून गळती होते ती इथेच.

मी आधी करत होतो तसं संपूर्ण लेयरचं वजन तीस टक्क्यांवर आणलं, तर चेहरा नुसता फिका पडतो. फिकं दुःख आणि लपवलेलं दुःख या वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलेल्या दुःखात एखादी जागा पूर्ण शांत असते आणि दुसरी थोडा वेळ स्पष्ट हलते.

5. उशीर: तीन वेगवेगळे, तिन्ही मोजून

पहिला उशीर बातमी कळण्याचा. साधा दिवा लागलेला बघून बटण दाबायलाही माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे 6 फ्रेम. इथे तर शब्दाचा अर्थ स्वतःला लावून बघायचाय. आपल्या शॉटमध्ये मी 24 ते 33, म्हणजे 9 फ्रेम ठेवल्या.

त्या 9 फ्रेममध्ये काय दिसतं? आशेचा जुना चेहरा. भुवया किंचित वर, ओठ जरासे विलग, ओठांवर येऊ घातलेलं हसू. बातमी कळल्यावरही हा चेहरा तसाच राहतो आणि शिळा होत जातो. प्रेक्षकाने "माझी" ऐकलंय, तिचा चेहरा मात्र अजून मागच्याच क्षणात अडकलाय. पोटात गोळा येतो तो या फटीमुळे.

पण शिळा चेहरा म्हणजे गोठलेला चेहरा नव्हे. सगळे कंट्रोल 9 फ्रेम एका जागी थांबले तर प्रेक्षकाला वाटतं, व्हिडिओ अडकला. डोकं अगदी थोडं, एखादा अंश, पुढे सरकत राहू द्या. चालू असलेला श्वास मात्र 24 ला थांबवा. छाती वर आलेली आहे आणि खाली जात नाही. डोकं हलतंय पण श्वास थांबलाय, एवढ्याने ती जिवंत राहते आणि धक्काही वाचता येतो.

हा आकडा तुमच्या शॉटला किती हवा, हे तीन आवृत्त्या काढल्याशिवाय कळत नाही. 4, 9 आणि 18 फ्रेम अशा तीन करून बघा. 4 वाली बघताना वाटतं, हिला आधीपासून माहीत होतं, किंवा ही बाई नाटकी आहे. 18 वाली बघताना वाटतं, हिला राग आलाय किंवा हिने ऐकलंच नाही. माझ्या पहिल्या शॉटमध्ये तब्बल 20 होत्या, आणि म्हणूनच तो ऐकू न आल्याचा प्रश्न आला होता. दोष भुवयांचा नव्हताच.

दुसरा उशीर हिरमोड वर येण्यापासून झाकण पडेपर्यंतचा. सूक्ष्म हावभावांची नोंद 1966 साली हॅगार्ड आणि आयझॅक्स यांनी केली, आणि पुढे 1969 पासून एकमन आणि फ्रिजन यांनी त्यावर काम केलं. असे हावभाव साधारणपणे एका सेकंदाच्या पंचविसाव्या ते पाचव्या भागाइतके टिकतात असं सांगितलं जातं, म्हणजे आपल्या हिशेबाने 1 ते 5 फ्रेम. हे आकडे वाचून मी भुवई 2 फ्रेम उचलून खाली आणली होती. कोणाला दिसलीच नाही. पडद्यावरच्या प्रेक्षकाला शॉट एकदाच दिसतो, आणि त्याची नजर नेमकी भुवईवर असेल याचा भरवसा नसतो. म्हणून विज्ञानाला थोडं ताणा. भुवई वर यायला 4 फ्रेम, वर टिकायला 4 ते 6. ती वर टिकलेली असताना बाकी चेहऱ्यावर फार काही हलू देऊ नका, म्हणजे नजर तिथेच जाईल.

तिसरा उशीर हसू उतरण्याचा. तो नवव्या पायरीत घेऊ.

6. नजर: कुठे जाते, किती जाते, कशी परत येते

बातमीनंतर सर्वांत आधी हलते ती नजर. 33 ते 35, फक्त 2 फ्रेममध्ये, मैत्रिणीच्या डोळ्यांवरून तिच्या हनुवटीच्या जरा खाली. डोळे सरकत जात नाहीत, उडी मारतात. या उडीला हळू सुरुवात आणि हळू शेवट दिलात तर डोळे पाण्यात तरंगल्यासारखे दिसतात. नवख्या कामात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. सॉफ्टवेअर आपोआप जे वक्र जोडतं ते अशाच गुळगुळीत हालचाली बनवतं, आणि थांब्याच्या जागी थोडं पलीकडे जाऊन परतही येतं. ग्राफ एडिटरमध्ये थांब्याच्या दोन्ही टोकांना सारख्या किमतीच्या की ठेवून हँडल सपाट करा. हाताने काढत असाल आणि एक चित्र दोन फ्रेम चालवत असाल, तर या उडीत मधलं चित्र काढूच नका.

नजर किती खाली जावी? थोडीच. पूर्ण जमिनीकडे गेली की ती शरम किंवा उघड दुःख वाटतं, आणि मैत्रिणीलाही कळेल. आपल्याला हवीय फक्त सटकलेली नजर. कोणत्या बाजूला, हा प्रश्न गौण आहे. डावीकडे बघितलं तर आठवण, उजवीकडे बघितलं तर खोटं, असा समज ॲनिमेशनच्या वर्गांमध्येही फिरत असतो. 2012 साली वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला आणि त्यांना त्यात तथ्य आढळलं नाही. शॉटच्या मांडणीत कॅमेऱ्याला डोळ्याचं बुबुळ जास्त दिसेल ती बाजू निवडा.

पापणीला विसरू नका. नजर खाली गेली की वरची पापणी तिच्याबरोबर खाली येते. ती जागेवरच राहिली तर बुबुळाच्या वर पांढरा भाग उघडा पडतो आणि निराशेऐवजी भीती दिसते. चांगल्या रिगमध्ये हे आपोआप होतं, तरी तपासा.

आता एक बारीक गोष्ट, जी मला आवडते. 35 ते 43 नजर खाली थांबलेली असताना डोळ्यांचं लक्ष्य तिच्यापासून दूर, मैत्रिणीच्याही पलीकडे सरकवा. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही बुबुळं किंचित आत वळलेली असतात, दूर बघताना ती समांतर होतात. लक्ष्य मागे गेलं की ती हनुवटीकडे बघत नसून आरपार बघतेय असं दिसतं. डोळे उघडे आहेत, पण बघत काहीच नाहीत. हरवलेली नजर आपण म्हणतो ती हीच. बदल एवढा लहान असतो की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, परिणाम मात्र जाणवतो.

7. भुवया: आतली टोकं, आणि सारखेपणा मोडणं

नजर 35 ला थांबली, भुवई 37 पासून हलते आणि 41 ला वर पोचते. डोळ्यांनंतर 2 फ्रेम उशिरा. दोन्ही एकाच फ्रेमला सुरू झाले तर चेहरा एखादा खटका दाबल्यासारखा बदलतो.

आकार असा. आतली टोकं वर आणि जराशी एकमेकांकडे, बाहेरची टोकं जागेवर. नुसती वर नेली तर ते आश्चर्य किंवा विनवणी वाटते. एकमेकांकडे ओढली की कपाळाच्या मध्यावर ताण येतो आणि वेदना वाचता येते. पूर्ण दुःखाच्या पोजच्या साधारण पाव भाग पुरेसा. रिगवर बाहेरची टोकं खाली ओढण्याचा मोह होईल, तो टाळा. उलट्या व्हीसारख्या त्या भुवया भावचिन्हात शोभतात.

दोन्ही भुवया सारख्या हलवू नका. एक 2 फ्रेम आधी निघू दे आणि पूर्ण जाऊ दे, दुसरी तिच्या सत्तर टक्के. कोणती आधी, हे मी कॅमेऱ्याकडच्या बाजूवरून ठरवतो. जवळची भुवई आधी हलली तर जास्त स्पष्ट दिसते.

भुवई खाली येते ती झाकण पडताना, आणि इथे एक पळवाट वापरता येते. 43 ते 51 अशी उघडमीट ठेवा: मिटायला 3 फ्रेम, मिटलेले 2, उघडायला 3. ही नेहमीच्या मिटण्यापेक्षा थोडी सावकाश आहे. डोळे मिटलेले असताना भुवयांनी आकार बदलायला सुरुवात करायची, आणि उघडतात तेव्हा नजर सरळ मैत्रिणीच्या डोळ्यांवर. लक्ष्यही पुन्हा जवळ आणा. प्रेक्षकाला वाटतं तिने डोळे मिटून स्वतःला सावरलं. सावरायला तेवढाच आडोसा मिळतो.

आणखी एक. झाकण पडल्यावर भुवया आनंदाच्या, म्हणजे सबंध वर, अशा होतील. पण आतल्या टोकांमधला ताण पूर्ण शून्यावर नेऊ नका. दहा टक्के तसाच राहू द्या, अगदी शॉट संपेपर्यंत.

8. उसनं हसू

ओठांचे कोपरे 46 ला निघतात, म्हणजे डोळे मिटलेले असतानाच, आणि 51 पर्यंत पूर्ण वर. खरं हसू सावकाश फुलतं, उसनं हसू पटकन लागतं. खरं हसू थोडं वर-खाली होत राहतं, उसनं एकाच उंचीवर खिळून राहतं. म्हणून 51 ते 98 पर्यंत ओठांच्या कोपऱ्यांची उंची जवळपास सपाट ठेवा. एरवी कोणी अशी सपाट रेघ केली तर मी रागावतो, इथे ती हवीच आहे. "अरे वा! अभिनंदन!" 56 ला सुरू होतं, तेव्हा 24 ला थांबवलेला श्वास बोलण्यापुरता सुटेल आणि ओठ हलतील, पण कोपरे खाली येऊ देऊ नका.

डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र साथ देत नाही. 1862 साली फ्रेंच वैद्य दुशेन यांनी लिहिलं की ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्यांभोवतीचा केवळ खऱ्या आनंदाचं ऐकतो. पुढे दिसून आलं की काही जणांना तो ठरवूनही हलवता येतो, पण प्रेक्षकाच्या मनात हा फरक पक्का बसलेला आहे. खरं हसू असतं तर खालची पापणी वर आली असती, गाल फुगले असते. आपल्या शॉटमध्ये खालची पापणी जेमतेम एक पंचमांश वर आणा. शून्यावर ठेवलीत तर ती खोटारडी दिसेल, आणि ती खोटारडी नाही. तिला मैत्रिणीचा आनंद मोडायचा नाहीये. या दोन्हींमधला फरक त्या खालच्या पापणीत असतो.

इथला मोठा सापळा म्हणजे झाकण फार चांगलं बसवणं. 51 नंतर चेहरा निर्दोष आनंदी झाला तर प्रेक्षक 41 व्या फ्रेमचा हिरमोड विसरून जातो. म्हणून बोलण्याच्या मध्ये, "अरे वा" आणि "अभिनंदन" यांच्यामधल्या श्वासात, मी नजरेची एक छोटी उडी टाकतो: मैत्रिणीच्या एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर आणि परत. ती तपासतेय, हिला कळलं तर नाही ना?

9. कोणी बघत नसताना

पॅमेला कोल यांनी 1986 मध्ये लहान मुलांना नकोशी भेट देऊन त्यांचे चेहरे पाहिले होते. देणारी व्यक्ती समोर असताना मुलं हसू टिकवत, एकटी असताना ते ओसरे. आपल्या शॉटचा शेवट यावरच उभा आहे.

98 ला मैत्रीण वळते. हसू लगेच उतरत नाही. 98 ते 106 तिची नजर मैत्रिणीच्या पाठीवर आहे, अजून वळून बघेल म्हणून. 106 ते 108 नजर उडी मारून खाली, आणि लक्ष्य पुन्हा दूर. 8 फ्रेम फक्त डोळे गेलेत, ओठांवर हसू अजून तसंच. हा शॉटमधला सर्वांत जड क्षण, त्याला हात लावू नका. 116 पासून ओठांचे कोपरे सावकाश खाली, 14 फ्रेममध्ये, 130 पर्यंत. कोपरे पूर्ण पडू देऊ नका, सरळ रेषेपर्यंत आले की थांबवा. थांबलेला श्वास आपण बोलण्यासाठी सोडवून घेतला होता, आता उरलेला बाहेर पडतो आणि खांदे किंचित उतरतात. गळ्याचा कंट्रोल असेल तर आवंढा गिळायला लावा. नसेल तर हनुवटी थोडी दाबून वर आणली तरी काम भागतं.

हसू आणि नजर एकाच फ्रेमला पडली तर ते बटण बंद केल्यासारखं दिसतं आणि लोक हसतात. हे मी प्रेक्षकांसोबत बसून अनुभवलंय.

10. तपासणी

टाइमलाइन हाताने मागे-पुढे ओढून वेळेचा अंदाज घेऊ नका. सॉफ्टवेअरच्या खिडकीत जड दृश्य 24 ऐवजी 15-16 ने चालतं, आणि मग 9 फ्रेमचा उशीर 14 चा वाटतो. तुम्ही तो कमी करता, आणि अंतिम रेंडरमध्ये प्रतिक्रिया घाईची होते. दर वेळी प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट चाचणी व्हिडिओ, काढा आणि आवाजासकट, पूर्ण वेगाने बघा.

मग 75 व्या फ्रेमवर थांबा. पडद्यावर चेहऱ्याचा वरचा भाग तळहाताने झाका. खाली आनंदी मुलगी दिसली पाहिजे. आता खालचा भाग झाका. वरचे डोळे आणि भुवया बघून "हिला काहीतरी खुपतंय" असं वाटलं पाहिजे. दोन्हीकडे आनंद दिसला तर झाकण जास्त झालं, दोन्हीकडे दुःख दिसलं तर झाकण पडलंच नाही. भुवया आधी दुरुस्त कराव्याशा वाटतील, पण आधी खालची पापणी बघा.

शेवटी ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कोणाला तरी शॉट एकदाच दाखवा आणि विचारा, "मैत्रिणीला कळलं का?" उत्तर "नाही, पण मला कळलं" असं आलं तर शॉट झाला. "मैत्रिणीलाही कळलं असेल" असं आलं तर भुवईचा वर टिकण्याचा काळ 2 फ्रेमने कमी करा आणि पुन्हा दाखवा, पण वेगळ्या माणसाला. एकदा गोष्ट कळलेला माणूस या कामी पुन्हा उपयोगाचा नसतो.

शॉट देताना 132 नंतरच्या 10-12 फ्रेमही ॲनिमेट करून द्या. संकलक बरेचदा नेमकं हसू उतरण्याआधी कापतात. ओठ 130 ला थांबतात आणि त्यानंतर ती नुसती बसलेली आहे हे त्यांना दिसलं, तर कापायचं की थांबायचं हे निदान बघून ठरवता येतं.